पडद्यावरची कानबाई

धुळ्याच्या एका कॉलनीतल्या कानबाई उत्सव समितीने आमच्याकडे छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म मागितली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कानबाई ही आमच्या खानदेशात श्रावणात घरोघर बसणारी देवी. जळगावात दोन खोल्यांचा माझा स्टुडिओ आहे. गणपतीच्या आरत्या, नवरात्राचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती असं आम्ही करतो. समितीचे अध्यक्ष नाना बियाण्यांचे व्यापारी. म्हणाले, "सुरतला, पुण्याला गेलेली पोरं श्रावणात एका रविवारपुरती गावी येतात आणि विचारतात, हे नारळाला साडी का नेसवलीय? त्यांना कळेल असं काहीतरी करा."

देवीचा चेहरा कुठून घ्यायचा हा पहिला प्रश्न. प्रत्येक घरची कानबाई वेगळी. कुणाकडे नुसता नारळ, कुणाकडे त्यावर डोळे, नाक, नथ. शेवटी नानांनी त्यांच्या शेजारच्या अक्कांकडे नेलं. अक्का मूळच्या धरणगावकडच्या. उत्सवात गाणी धरणाऱ्या त्या. अक्का नाहीत तर बायका गातच नाहीत, असं नाना म्हणाले. त्यांच्या देव्हाऱ्यात नारळ होता, पिढ्यानपिढ्या चालत आलेला, शेंडीपर्यंत काळा पडलेला.

"फोटो काढ," अक्का म्हणाल्या. "पण सजाडाआधी नही. अंगवर काही नही अशी बाई कोनी दखाडस का?"

त्यांनी आत जाऊन नारळाला चोळी-साडी नेसवली, नथ घातली, मग दार उघडलं. मी भराभर फोटो काढले. आणखी काही अट आहे का, विचारलं.

"ती बोलाले नको. आपन बोलतस, ती आयकस."

हे मी स्टुडिओत येऊन आमच्या अ‍ॅनिमेटरला सांगितलं. तो रावेरकडचा, पस्तिशीचा, हाताने फार चांगला. त्याच्या घरी कानबाई बसत नाही. केळीच्या बागेतल्या घरात वाढलेला, त्यामुळे आमच्या प्रत्येक फिल्ममध्ये केळीचे खांब सुंदर येतात. बोलायचं नाही हे त्याने ऐकलं. न बोलता करण्यासारखं खूप असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पहिला कट आला. चौरंगावर कानबाई, चहूबाजूंनी समया, आणि तिने पापण्या उचलल्या. हळूच. नथ हलली, ओठांच्या कोपऱ्यात हसू. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"झालंय चांगलं. पण काढावं लागेल."

"ताई, हा सगळ्यात भारी शॉट आहे!"

"म्हणूनच. लोक तिला बघायच्या ऐवजी तुझ्या पापण्या बघतील."

तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मला बोलायला वेळही नव्हता. नानांचा फोन दर तासाला. फिल्मभर खाली बियाण्याच्या जाहिरातीची पट्टी हवी होती. मी म्हटलं, देवी दिसते तिथे पट्टी नको, अक्षरं तिच्या पदरावर चढतात. "मग डोक्यावर ठेवा," नाना म्हणाले. डोक्यावर तर नाहीच, मी म्हटलं, शेवटी नावं येतील तिथे घेऊ. ते "बरं, बरं" म्हणाले आणि अर्ध्या तासाने परत फोन केला. टीझर तरी पाठवा, ग्रुपवर टाकायचाय.

टीझर पाठवला. पापण्यांचा शॉट काढून टाकला होता. मी संगीत जुळतंय का तेवढं पाहिलं.

दुपारी अक्कांच्या सुनेचा फोन आला. ती पोटुशी होती, बऱ्याच वर्षांनी. म्हणाली, "ताई, तुम्ही आमचा नारळ बुडवला."

मी टीझर पुन्हा लावला. शेवटच्या प्रसंगात नदी, बायका, आणि पाण्यात कानबाई खाली खाली जाते, वर बुडबुडे, वर फुलं. आमची गणपती विसर्जनाची फाइल. दर वर्षी तीच वापरतो, मूर्ती तेवढी बदलतो. अ‍ॅनिमेटरने गणपतीच्या जागी नारळ ठेवला होता. आणि तो कुठलाही नारळ नव्हता. शेंडीजवळचा तडासुद्धा अक्कांच्या फोटोतून जसाच्या तसा घेतलेला.

अक्कांनी फोन घेतला. "आपली कानबाई काय गनपती शे? तिले न्हाऊ घालतस, नदीनी वाळू लेतस, आनि घर लई येतस. घरनी बाई कोनी पानीमा सोडी येस का?"

"अक्का, आज काढते."

"माले तुना सिनेमा नको. मी गानं म्हनाले येत नही. सूनना घास गयाखाले उतरत नही."

फोन बंद झाला. मी चप्पल घातली, काढली, परत घातली. मग नानांना फोन केला, सगळ्या ग्रुपमधून टीझर काढायला सांगितलं. "गेला ताई, सुरतला पोचला," ते म्हणाले. जिथे जिथे त्यांनी पाठवला होता तिथे तो चुकीचा होता असं त्यांनी स्वतः लिहावं, अशी मी अट घातली. ते कुरकुरले, पण लिहिलं.

अ‍ॅनिमेटर म्हणाला, "मला कोणी सांगितलंच नाही."

"नाही सांगितलं. आता ऐक."

आम्ही नदी नव्याने केली. बायका गुडघाभर पाण्यात, पाठमोऱ्या. पाटावरची कानबाई पदराआड, फक्त हातातून पडणारं पाणी दिसतं. मग पाटावर वाळू, आणि परतीची वाट, देवीला पुढे धरून. ती कुठेच पाण्याखाली जात नाही, फ्रेमबाहेर अर्धी कापली जात नाही, वरून खाली बघितली जात नाही. ती स्वतः हलत नाही. समया हलतात, धूर हलतो, सावल्या, बांगड्या, पदर. जेवणाच्या प्रसंगात त्याने पंगतीत शेजारीपाजारी बसवले होते, तेही उठवले. रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, फक्त भाऊबंदांत खातात. आणि अक्कांचा नारळ पुसून टाकला. नवा चेहरा त्याने स्वतः काढला, कुठल्याच घरचा नसलेला.

"आता हिच्यात जीव नाही," तो चिडून म्हणाला.

"तो समयांमध्ये घाल."

त्याने घातला. ज्योती अशा थरथरत होत्या की स्थिर चेहऱ्याकडे बघत राहावं. हे मी त्याला सांगितलं नाही; फाइल घेऊन धुळ्याला निघाले.

अक्कांनी दारातच मोबाइलवर फिल्म बघितली. सून मागे उभी. नदी आली तशी सुनेने भिंत धरली. पाटावर वाळू आली, बायका घराकडे वळल्या. तिने भिंत सोडली. मोबाइल परत देताना अक्का म्हणाल्या, "हाई कोन्ना घरनी शे?"

"कोणाच्याच नाही."

"मंग ठीक शे. पन खरी मांडवमा येई, तव्हय हाई बंद."

रविवारी संध्याकाळी मांडवात पडदा लावलेला, त्याच्या शेजारीच चौरंग. फिल्म झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. अक्का बायकांसह आल्या, आणि खरी कानबाई वाजतगाजत मांडवात शिरली. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. ऑपरेटरने फिल्म लूपवर ठेवली होती आणि स्वतः चहाला गेला होता. समया, धूर, चौरंगावर दुसरी कानबाई. अक्का दारातच थांबल्या. मागचा ढोल थांबला.

मी खुर्च्या ओलांडत धावले. रिमोट सापडेना. पडद्यामागे गेले आणि प्लग ओढला.

पडदा काळा झाला. अक्का पुढे आल्या, कानबाई चौरंगावर बसली, आणि त्यांनी गाणं धरलं. आरतीला सगळ्यांनी टाळ्या धरल्या. माझ्या हातात वायर होती. कुणी परत जोडेल म्हणून मी ती शेवटपर्यंत सोडली नाही.