पातेल्यावरचं नाव

दुसऱ्यांच्या धंद्यांना नावं सुचवण्याचा मला भारी शौक होता. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं बोर्ड रंगवायचं आणि स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. दारावर मी 'जाहिरात सल्लागार' असं लिहून घेतलं होतं. म्हणजे मीच लिहिलं होतं, पिवळ्यावर लाल. सल्ला मागायला कोणी येत नसे. येत ते लग्नपत्रिकेला आणि 'येथे वाहने लावू नयेत'ला.

त्यामुळे नव्वदीचं दशक संपता संपता पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीच्या मालकिणीचा मुलगा सल्ला मागायला आला, तेव्हा मी खुर्ची पुसून दिली. बेकरी त्याच्या आईनं उभी केलेली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. बेकरीला तिच्या सासूचं नाव, बोर्डावर आणि पुड्यांवर हिरवी गव्हाची ओंबी आणि खाली एक ओळ: 'अंड्याचा वापर नाही.' टोस्ट, खारी, नानकटाई, केक, सगळं बिनअंड्याचं. जैन घरं, माळकरी घरं, सोवळं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या, सगळी तिथली गिऱ्हाइकं. मांसमच्छीला हात न लावणारी माणसंही त्या पुड्याची सुतळी निर्धास्त सोडत. त्या ओळीपायी मावशीनं वीस वर्षं भट्टीच्या दारात कुणाला अंड्याची पिशवी आणू दिली नव्हती.

मुलाला आता केटरिंग काढायचं होतं. स्वयंपाकघर वेगळं, आचारी वेगळे, जागा शहराबाहेर भाड्यानं. लग्नाला शाकाहारी, पण जावळाला, वाढदिवसाला मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा. कोल्हापुरात मटण नसलेलं केटरिंग म्हणजे अर्धा धंदा, हे त्याचं खरंच होतं. अडचण होती नावाची. मावशीचं म्हणणं, वेगळं नाव द्या, आपलं खाली बारीक लिहा. मुलगा म्हणायचा, वेगळ्या नावाला कोण ओळखतंय.

मी दोघांसमोर भाषण ठोकलं. नाव म्हणजे भांडवल, ते एकाच दुकानात कोंडून ठेवायचं नसतं, वगैरे. मावशी पीठ लागलेले हात पदराला पुसत ऐकत होती.

"गिऱ्हाइकास्नी इचारलंस?" तिनं विचारलं.

"विचारलं की. तीस जणांना. सगळे म्हणाले, तेच नाव पाहिजे."

ती परत पिठाकडे वळली. तीस माणसांपुढं ती एकटी काय बोलणार? आता खरं सांगतो. मी विचारलं होतं सात जणांना, तेही चहाच्या गाड्यावर. सातही जण माझे दोस्त, आणि सातांपैकी एकानंही त्या बेकरीतून आयुष्यात टोस्ट घेतलेला नव्हता. त्यांतल्या दोघांनी तर 'मटण चांगलं असलं म्हणजे झालं, नाव काय करायचंय,' असं म्हटलं होतं. ते मी होकारात धरलं.

मग मी जोरातच कामाला लागलो. हॉलमध्ये दोन केटरर्सची भांडी एकत्र होतात आणि निघताना अदलाबदल होते, म्हणून सगळे जण पातेल्यांवर रंगानं नाव घालतात. मी साधं नाव घालून थांबलो नाही. बेकरीचं अक्षर जसंच्या तसं उचललं, शेजारी हिरवी ओंबी काढली, आणि साठ पातेली, टेम्पो, वाढप्यांचे एप्रन, सगळीकडे तेच. लांबून बघितलं तर बेकरीच चालत आलीय असं वाटावं. मला त्याचाच अभिमान.

पहिले दोन महिने झकास गेले. मग एका जावळाच्या जेवणाला शाळेतल्या एक बाई गेल्या होत्या. बाई जैन, सासूबाई व्रतं करणाऱ्या, आणि त्यांचा रोजचा टोस्ट मावशीकडचा. हॉलमध्ये शाकाहारी टेबल वेगळं होतं. त्याकडे जाताना बाईंना पांढऱ्या रश्श्याचं पातेलं दिसलं आणि पातेल्यावर हिरवी ओंबी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिलबुकाच्या छपाईसाठी मी बेकरीतच होतो. बाई आल्या, न फोडलेला पुडा काउंटरवर ठेवला. रागावल्या नाहीत, तेच वाईट.

"मावशी, भट्टी वेगळी असेल, तुमच्यावर अविश्वास नाही," त्या म्हणाल्या. "पण सासूबाईंना मी काय सांगू? त्यांना वाचता येत नाही. त्या पुडा ओंबीवरून ओळखतात."

मावशीनं पुडा घेतला. पैसे परत द्यायला हात गल्ल्यात घातला, तर बाई तोवर पायरी उतरल्या होत्या. मी बिलबुकात तोंड खुपसून उभा. त्या आठवड्यात आणखी अकरा घरांनी टोस्ट बंद केला. संध्याकाळी फळीवर टोस्ट उरायला लागला.

मावशीनं मुलाला झापलं. तुझ्या हावरटपणापायी सासूच्या नावाला बट्टा लावलास म्हणाली. मुलगा माझ्याकडे बघत होता, कारण माझ्या तीस माणसांवर त्यानं भरवसा ठेवला होता. मी एप्रनांच्या कापडाबद्दल काहीतरी बोललो. तो आईसमोर मान खाली घालून उभा राहिला आणि मी दिवसभर खरं न सांगता तसाच राहिलो. सांगतो, माझ्या सगळ्या फजित्या मी मैफिलीत रंगवून सांगतो. ही कुठं सांगितलेली नाही.

तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. मावशीला म्हणालो, तीस नव्हते, सात होते, आणि सातही चहाच्या गाड्यावरचे माझे दोस्त. तिनं खारीचा ट्रे बाजूला सरकवला.

"तीस म्हणालास न्हवं," ती म्हणाली. "मग जा आता, तीस घरं फिर. काय चुकलं ती सांग, आन् काय पायजे ती इचारून ये. लिहून आण. गोड बोलू नगंस."

मी वही घेऊन फिरलो. दार उघडलं की आधी सांगायचं की पातेली मी रंगवली, मुलानं नाही. मग विचारायचं. काहींनी पाणी दिलं, काहींनी दारातूनच बोळवलं. एका आजोबांनी विचारलं, "पावणं, रंगवायच्या आधी का न्हाय आलासा?" वहीत तेही लिहिलं. पण तिसांतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच निघालं: मुलानं मटण करावं, आमची ना नाही, फक्त आमच्या पुड्यावरची ओंबी त्याच्यावर नको. त्या नावाचा अर्थ त्यांच्या लेखी 'न विचारता खावं' एवढाच होता. माझ्या भांडवलाच्या भाषणात हा अर्थच नव्हता.

मावशीनं वही मुलाकडून वाचून घेतली आणि एका दिवसात निकाल लावला. केटरिंगचं नाव 'वाढप', त्याचं अक्षर वेगळं, रंग तांबडा, ओंबी कुठेच नाही. मी म्हणालो, मग बेकरीचा उल्लेखच काढून टाकू.

"तसं नगं," ती म्हणाली. "पोरगं कुणाचं हाय ती सगळ्यास्नी ठावं हाय. झाकलं तर लपवलं म्हणतील." कार्डाच्या तळाला बारीक ओळ आली: बेकरीच्या घरातला वेगळा उद्योग, स्वयंपाकघर आणि भांडी स्वतंत्र. जेवणात टोस्ट-केक द्यायचा झाला तर बेकरीच्याच बंद पुड्यात.

साठ पातेली मी स्वतः पॉलिश पेपरनं घासली, फुकट. हिरवा रंग नखांत आठवडाभर होता.

बरीच घरं परत आली. बाई नाही आल्या. माझ्या वहीतलं तिसावं घर त्यांचं होतं. त्या दिवशी सासूबाईंनी दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगताय ते खरं असेल. पण आता मला प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारावं लागणार." मी वही मिटली, चपला घातल्या, आणि मावशीला सांगताना ते घर शेवटी राहू नये म्हणून एकोणतिसाव्याच्या आधी सांगून टाकलं.