फक्त आमच्याच मशीनवर दिसणारा लोगो

आमच्या घरात संशयाला वाईट मानत नाहीत. गारगोटीजवळच्या आमच्या गावात आबा डेअरीला दूध घालायचे, आणि दुधाचं फॅट मोजताना मशीनवर नजर ठेवून उभे राहायचे. कंडक्टरनं दिलेलं तिकीट वाचायचे. लग्नपत्रिका आली की आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते आधी पाहायचे, मग नवरा-नवरीचं. त्यांचीच मी लेक. कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आले तेव्हा होस्टेलच्या खोलीला स्वतःचं दुसरं कुलूप लावणारी मी एकटीच होते.

दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. आमच्या कॉलेजच्या फेस्टला त्या वर्षी वेबसाईट करायची ठरलं. वेबसाईट म्हणजे एकच लांबलचक पान. वर फेस्टचं नाव, त्याखाली तीन शब्द: कार्यक्रम, नोंदणी, प्रायोजक. ज्या शब्दावर क्लिक कराल, त्या भागापर्यंत पान आपोआप सरकायचं. कार्यक्रमांचा तक्ता होता, नोंदणीसाठी नाव, कॉलेज, स्पर्धा आणि फोन नंबर भरायचे रकाने होते. भरून बटण दाबलं की ते सगळं आमच्या ईमेलवर यायचं. सर्वांत खाली प्रायोजकांचे लोगो. जागा फुकटची होती, म्हणून पानाच्या डोक्यावर कुठल्या तरी परदेशी कंपनीची जाहिरात आपोआप नाचत असायची. त्या जाहिरातीचे पैसे मी घेते, असंही एकानं सुचवून पाहिलं होतं.

पान मी बनवलं, कारण समितीत दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. पण मुलीच्या हातात पासवर्ड आहे, हे बऱ्याच जणांच्या घशाखाली उतरत नव्हतं. विशेषतः जी.एस.च्या. जी.एस. म्हणजे विद्यार्थ्यांचा निवडून आलेला सेक्रेटरी. जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याचा मुलगा, बोलायला गोड, आणि हिशेबानं गोड. प्रायोजक सगळे त्यानंच आणले होते. मी काही विचारलं की म्हणायचा, "तू टेन्शन घेऊ नकोस." हे वाक्य ज्यानं म्हटलं, त्याच्याकडे लक्ष ठेवावं असं माझं मत आहे, आजही.

सर्वांत मोठा प्रायोजक शेवटी आला. मोटारपंपांचे मोठे डीलर होते, त्यांना सगळे मालक म्हणायचे. मंडप त्यांचा, बक्षिसांच्या ढाली त्यांच्या. आता आमच्याकडे स्टेजवर पहिला हार कुणाला, यावरून भाऊ भाऊ बोलायचे थांबतात. लोगोचं तेच झालं. मी सगळे लोगो मुळाक्षरांप्रमाणे लावले होते, म्हणजे कुणाचं कुणाशी वाजायला नको. जी.एस. म्हणाला, "मालकांचा सगळ्यात वर पाहिजे. मी शब्द दिलाय." मी म्हटलं, "शब्द देताना मला विचारलं होतंस?" लॅबमध्ये आठ-दहा जणांसमोर आमची चांगलीच जुंपली.

आमच्या लॅबमध्ये इंटरनेट एकाच मशीनला होतं. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचा हार घालायचे, आणि एरवी लॅबचे आणि फेस्टचे प्रमुख असलेले सर त्याची चावी खिशात ठेवायचे. समितीचं सगळं काम त्याच मशीनवर चालायचं. त्या भांडणानंतर मी मेसमध्ये जेवायला गेले. परत आले तर पानावर मालकांचा लोगो सगळ्यांच्या वर, ऐटीत बसलेला. जी.एस.नं फ्लॉपीवरून आणून स्वतःच लावला होता आणि पान इंटरनेटवर चढवूनही टाकलं होतं. पासवर्ड त्या मशीनमध्ये साठवलेलाच होता. "तू खाली लावशील म्हणून मीच उरकलं," तो म्हणाला. माझा संताप संताप झाला, पण फेस्ट तोंडावर आला होता. मी लोगो तसाच राहू दिला.

मग दोनच दिवसांत सर लॅबमध्ये आले ते लाल होऊन. मालकांनी आपल्या पाहुण्यांना शाहूपुरीतल्या एका सायबर कॅफेत नेऊन मोठ्या कौतुकानं पान उघडलं होतं. सगळ्यांचे लोगो होते. मालकांच्या जागी रिकामी चौकट आणि कोपऱ्यात लाल फुली. "पाहुण्यांसमोर माझ्या नावावर फुली मारली," असं ते फोनवर ओरडले होते. मंडप काढून न्यायची धमकी होती.

मी तिथल्या तिथं पान उघडलं. लोगो होता. व्यवस्थित, सगळ्यांच्या वर.

"आता आहे," जी.एस. शांतपणे म्हणाला. "तेव्हा नव्हता. म्हणजे कुणीतरी काढतंय आणि परत लावतंय." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

मलाही तेच वाटलं, फक्त माझा चोर तो होता. मला समितीतून काढायचं म्हणून हा खेळ चालवलाय, अशी माझी खात्री झाली. मी लगेच पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी मालकांचा परत फोन: लोगो अजूनही नाही. आता तर पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पासवर्ड बदलला यातच सगळ्यांना माझं चांदणं दिसलं. आणि भांडण तर सगळ्यांनी ऐकलेलंच होतं.

सरांनी आमच्या गावच्या डेअरीत फोन लावला. तिथून आबांना निरोप गेला: मुलीनं कॉलेजचं नुकसान केलंय, येऊन भेटा. हे कळलं तेव्हा मात्र मी घाबरले. आबांनी मला कोल्हापूरला ठेवलं होतं ते एका अटीवर, पहिली तक्रार आली की शिक्षण बंद. ते बोलून दाखवायचे आणि बोलले की करायचे. म्हशीच्या धारा काढण्याची मला लाज नव्हती, पण मला कॉम्प्युटर शिकायचा होता.

आबा यायच्या दिवशी सकाळी सरांच्या हातापाया पडून मी मशीन उघडून घेतलं. पान जिथं ठेवलेलं असतं, त्या सर्व्हरवरचं फोल्डर बघितलं. सगळ्यांच्या लोगोच्या फायली होत्या. मालकांची नव्हती. बघा, पुसली, असं मी मनाशी म्हणाले. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. फाइल तिथं नाही, मग मला या पडद्यावर दिसतंय ते कुठून येतंय?

पानामागचा कोड उघडला. बाकीच्या लोगोंपुढे नुसतं फाइलचं नाव होतं. मालकांच्या लोगोपुढे लिहिलं होतं, हे चित्र सी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवर आहे. म्हणजे याच मशीनच्या डेस्कटॉपवर. जी.एस.नं फ्लॉपीतून चित्र डेस्कटॉपवर टाकलं, तिथून पानात घेतलं, आणि नुसतं पान वर चढवलं. चित्र इथंच राहिलं. आमच्या मशीनवर पान उघडलं की ते आपल्याच पोटातलं चित्र काढून दाखवायचं. दुसरं कुठलंही मशीन स्वतःच्या डेस्कटॉपवर शोधायचं आणि न सापडल्यावर फुली मारायचं. आम्ही सगळे तपासत होतो तेही त्याच एका मशीनवर. मला हसू यायला हवं होतं. रडू आलं.

मी चित्र फोल्डरमध्ये टाकलं, पत्ता सुधारला, दोन्ही वर चढवलं, आणि लोकांना बोलावलं.

सर आले, जी.एस. आला, मालक स्वतः आले. आबा दाराबाहेर चपला काढून आत आले आणि एका स्टुलावर बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं. सरांना अर्धं कळलं असावं. जी.एस. म्हणाला, "काढणाऱ्यालाच परत लावता येतं, सर."

उत्तर बरोबर आलं म्हणून कॉपी केली असणार, असला हा न्याय. बोलले ते मालक.

"माझ्या दुकानात पावणं पंप घ्याय आलं, की मी पाण्यात सोडून चालवून दाखवतो. तोंडानं सांगून कुणी पंप घेत न्हाय. चालवून दाखव की, पोरी."

"मी नाही," मी म्हटलं. "यालाच करू दे. त्या दिवशी केलं तसं."

जी.एस. खुर्चीत बसला. त्याच्या हातात एक फ्लॉपी देऊन मी बाजूला उभी राहिले, माऊसला हात लावला नाही. फ्लॉपीत फेस्टच्या ढालीचा फोटो होता. त्यानं तो डेस्कटॉपवर टाकला, पानात घेतला, पान चढवलं. पासवर्ड तेवढा मी घातला, सगळ्यांना पडद्याकडे पाठ करायला लावून. लॅबच्या मशीनवर ढाल झकास दिसली. मग आमची वरात कॉलेजच्या गेटसमोरच्या सायबर कॅफेत गेली. कॅफेवाला आबांच्या धोतराकडे बघत राहिला. पान हळूहळू वरून खाली उतरलं. मालकांचा लोगो आला, पूर्ण. ढालीच्या जागी चौकट आणि लाल फुली.

मालक खुर्चीवरून मागं वळले आणि जी.एस.ला म्हणाले, "आरं, तूच घरात ठेवून आलास की मला!"

सर खोकले. जी.एस. म्हणाला की असं होतं हे मीच त्याला आधी सांगायला पाहिजे होतं. माफी कुणी मागितली नाही. मीही वाट पाहिली नाही. आबांचा चेहरा बघत होते. ते पडद्याजवळ वाकून त्या फुलीकडे टक लावून होते, फॅटच्या मशीनकडे बघायचे तसे.

मी आबांना सोडायला स्टँडवर गेले. मी हवेत होते. परीक्षेत पहिली आल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता. आबांनी पिशवीतून आईनं दिलेल्या धपाट्यांची पुरचुंडी काढली, आणि तिच्याबरोबर सुंभाची एक नवीकोरी दोरी बाहेर आली. त्यांनी ती घाईनं आत सारली.

"आबा, दोरी कशाला आणलीसा?"

ते गाडी लागली का ते बघू लागले.

"सांगा की."

"ट्रंक बांधाय."

"म्हंजे माझं ऐकायच्या आधीच?"

"सरांचा फोन आलता," आबा म्हणाले. "येवढा शिकल्याला माणूस खोटं कशाला बोलंल, असं वाटलं."

जन्मभर कंडक्टरपासून डेअरीच्या सेक्रेटरीपर्यंत एकावरही विश्वास न ठेवलेला माणूस. त्यानं विश्वास ठेवला तो या एका फोनवर. जी.एस.चा राग मी फेस्ट संपायच्या आत विसरले. हा नाही विसरले.

"ऱ्हा तू हितंच," ते म्हणाले. "शीक."

गारगोटीची गाडी लागली. आबा चढले, खिडकीजवळ बसले आणि मला शोधू लागले. मी दरवेळी खिडकीपाशी जाऊन गाडी सुटेपर्यंत उभी राहायचे. त्या दिवशी गेले नाही.