सुभेदारांच्या हाती पिचकारी

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका स्टुडिओत मी पॉडकास्टची शीर्षकं आणि भागाखालचा मजकूर तपासायचो. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. मालकांची श्रद्धा अशी, की इमोजीशिवाय भाग कुणी ऐकत नाही. ऊस उत्पादकांच्या कार्यक्रमासाठी त्यांना उसाची इमोजी हवी होती. ती अस्तित्वातच नाही, म्हणून त्यांनी जपानी नववर्षाची बांबूची सजावट लावली. सांगलीच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, ही उसाची कुठली जात? मालकांनी त्याला कुतूहल मानलं.

मेढ्याकडचे एक निवृत्त सुभेदार लढाईत आपल्या शेजारी पडलेल्या सोबत्याची हकिकत पहिल्यांदाच सांगायला तयार झाले. दोन भाग ठरले. सोबत्याची पत्नी गावातच राहते. पहिला भाग तिनं घरी ऐकायचा होता. मालकांनी शीर्षकाच्या सुरुवातीला तीन पिस्तुलं लावली, खालच्या मजकुरात आणखी दोन. इतक्या चित्रांमागे सोबत्याचं नाव फोनवरच्या भागांच्या यादीत कापलं गेलं.

भाग आला त्या दिवशी दुपारी सुभेदार स्टुडिओत उभे.

"मालक, तिच्या मोबाईलवर पिचकारी दिसतीया. हिरवी. पोरं म्हणत्यात, सुभेदार रंगपंचमी खेळायला गेलते काय."

"आवं साहेब, खरं पिस्तूल हाय! हे बघा." मालकांनी आपला फोन पुढं केला. त्यावर खरंच काळं पिस्तूल होतं.

सुभेदारांनी आपला फोन शेजारी ठेवला. त्यावर पिचकारी.

मी सांगितलं, की फीडमधून, म्हणजे आपण ॲपांना पाठवतो त्या मजकुरातून, चित्राचा फक्त एक संकेत जातो. चित्र प्रत्येक फोन आपल्या चित्रसंचातून काढतो. बहुतेक कंपन्यांनी पिस्तुलाची पिचकारी केव्हाच केली आहे. मालकांचा फोन जुना होता आणि अपडेट केला की बिघडतो म्हणून त्यांनी तो कधी अपडेट केला नव्हता.

"मग रणगाडा लावू," मालक म्हणाले.

"रणगाड्याची इमोजी नाही," मी म्हणालो.

"बॉम्ब?"

"चित्र नगं," सुभेदार म्हणाले. "त्याचं नाव लिवा. न्हाईतर दुसरा भाग मी देत न्हाई."

मालकांनी शीर्षकातली पिस्तुलं काढली, हे त्यांच्या दृष्टीनं बलिदानच होतं. खालचा मजकूर मात्र तसाच राहिला, कारण तो वेगळ्या रकान्यात असतो आणि तो रकाना त्यांनी उघडलाच नाही. एका ॲपवर शीर्षक संध्याकाळी बदललं, दुसऱ्यावर दुसऱ्या दिवशी. मजकुरातल्या पिचकाऱ्या मी नंतर काढल्या. सोबत्याच्या पत्नीनं भाग पुन्हा उघडला, तेव्हा शीर्षक नवऱ्याच्या नावापासूनच सुरू होत होतं.

दुसऱ्या भागासाठी सुभेदार आले, पण माइकसमोर बसले नाहीत.

"आधी शीर्षक लिवा," ते मालकांना म्हणाले, "आन् माझ्या फोनवर पाठवा."

मालकांनी पाठवलं. सुभेदारांनी चष्मा लावून ते वाचलं, खालचा मजकूरही मागून घेतला, आणि मग खुर्ची ओढली.