बाटलीवरचे केस

तिचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नसे. पाठ मात्र सगळ्यांच्या ओळखीची होती. सीरमच्या प्रत्येक बाटलीवर ती पाठमोरी उभी होती. कमरेखाली उतरलेले काळेभोर मोकळे केस, आणि त्यांच्याखाली सोनेरी अक्षरं: 'फाटे फुटलेले केस पुन्हा सांधा'. घरच्या दुकानात वरच्या फळीवरचं काही काढायला ती वळली, की काउंटरशी उभी बाई हमखास म्हणायची, "अगंबाई, त्या तुम्हीच की!"

घरात ती धाकटी सून. थोरल्या दिरांना सगळेच दादा म्हणत. त्यांचं शिक्षण रसायनशास्त्राचं. नोकरी सोडून त्यांनी घराच्या तळमजल्यावर सीरम बनवायला घेतलं तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. "घरात असे केस असताना बाहेरची पोरगी कशाला आणायची?" दादा म्हणाले होते. तिला तेव्हा मनातून गुदगुल्या झाल्या. आजवर तिच्या कुठल्याच गोष्टीचं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं. फोटो निघाला, बाटली खपली, आणि दादा जाता जाता बोलून गेले, "आता केसांना तेवढी कात्री लावू नकोस हं."

तेवढ्यावरच ती अडकली. कोणी दार लावलं नाही की दटावलं नाही. पण लग्नाकार्यात जाऊबाई तिच्या केसांवर इस्त्री फिरवून येईल-जाईल त्याला ते दाखवायच्या. नवरा गाडीतून दुकानोदुकानी माल पोचवायचा आणि कुठलीही गोष्ट "दादांना विचारू" वर नेऊन संपवायचा. उन्हाळ्यात मान घामाने चिकचिकली तरी ती अंबाडा सैलच बांधायची. घट्ट बांधला की केस मोडतात, असं दादांनी सांगितलं होतं.

दर वर्षी नवे फोटो निघत. 'आधी'च्या फोटोसाठी केस ओले करायचे, टॉवेलने खसाखसा चोळायचे, उलटा कंगवा फिरवायचा. 'नंतर'च्या फोटोसाठी तेच केस तापलेल्या इस्त्रीने सरळ करायचे आणि वर सीरमचा हात फिरवायचा. केस आरशासारखे चमकत. पण दोनदा डोकं धुतलं की पुन्हा झाडूच. पुढे पुढे तर 'आधी'च्या फोटोसाठी काही करावंच लागेना.

एक दिवस पार्लरमध्ये बाटल्या द्यायला गेली असताना तिने पार्लरवालीला हळूच विचारलं, "माझे केस वाढायचे थांबलेत का हो? किती दिवस झाले, आहेत तिथेच आहेत. वय झालं म्हणायचं का?"

पार्लरवालीने तिला खिडकीजवळ बसवलं. एक बट घेऊन बोटांवर पिळली, तशी टोकं काट्यांसारखी बाहेर आली. कुठे एका केसाचे दोन झालेले, कुठे पिसासारखे बारीक फाटे, कुठे नुसता पांढरा ठिपका.

"वाढ थांबली नाही," ती म्हणाली. "मुळाशी केस महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढा वाढतोय. पण खाली तेवढाच तुटतोय. हा पांढरा ठिपका दिसतो ना, तिथून मोडणार तो. आणि फाटा एकदा फुटला की वर चढत जातो."

"पण मी तर रोज लावते हे," तिने हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"लावा की. गुंता कमी होईल, कंगवा अलगद फिरेल, तेवढी तूट वाचेल. पण सांधत काही नाही, बाई. केसाच्या टोकाला जीव कुठे असतो? हातावरची जखम भरते, कापलेलं नख चिकटतं का पुन्हा? महागातली काही औषधं ब्लीच केलेल्या केसांना आतून जरा बळ देतात, मीसुद्धा वापरते. पण फाटलेल्या टोकाला औषध एकच, कात्री. दर तीन महिन्यांनी दोन बोटं. इस्त्री फिरवत असाल तर त्याच्याही आधी."

"कात्री नाही चालायची," ती म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द तिच्या कानावर पडले. चाळिशीला आलेली बाई, आणि स्वतःच्या डोक्यावरचे केस कापायला परवानगी नाही.

त्या दिवशी तिने दोन बोटं केस कापून घेतले. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पार्लरवालीकडून तिने केसांची धारदार कात्री मागवली. घरच्या बोथट कात्रीने केस चेंगरतो आणि तिथूनच पुन्हा फाटतो, असं पार्लरवालीच म्हणाली होती. आता दुपारी सगळे खाली कामात असले की ती न्हाणीघराची कडी लावायची, उजेडात एकेक बट पिळायची आणि फाटा दिसला की त्याच्या जरा वर कापायची. हे सगळं चोरासारखं. कापलेले तुकडे कागदात गुंडाळून टाकायची. पार्लरमध्येही आणखी दोनदा जाऊन आली. टोकं भरीव दिसू लागली, वेणी शेवटपर्यंत सारखी जाड लागायची.

पुढच्या फोटोच्या दिवशी दादांनी गेल्या वर्षीचा फोटो शेजारी धरला.

"कमरेच्या खाली होते ते. कापलेस?"

"कापले," ती म्हणाली. "फाटे फुटले होते. सीरमने सांधले नाहीत."

जाऊबाईंनी हातातला कंगवा खाली ठेवला. नवरा बुटांकडे बघत राहिला. दादा मात्र चिडले नाहीत.

"ते मला शिकवतेस?" ते शांतपणे म्हणाले. "त्यात सिलिकॉन असतं. केसावर थर बसतो, फाटा मिटल्यासारखा दिसतो, धुतला की उघडतो. पण बाटलीवर 'मिटल्यासारखा दिसतो' असं लिहिलं तर घेणार कोण? या बाटलीवर आम्हा दोघा भावांच्या चुली चालतात."

"मग माझ्याऐवजी दुसरी कुणी घ्या. मला नको आता."

"घेतो की," दादा म्हणाले. त्यांची नजर नुकत्याच दारात आलेल्या तिच्या मुलीकडे गेली. आठवीतली पोर, केस आईसारखेच, अजून एकदाही इस्त्री न लागलेले. "काय गं, येतेस बाटलीवर?"

पोरीचा चेहरा फुलला. आईला क्षणात सगळं दिसलं: टॉवेल, उलटा कंगवा, इस्त्री, सैल अंबाडा, आणि 'तेवढी कात्री लावू नकोस हं'.

"नाही," ती म्हणाली. "मीच उभी राहते. पण माझे केस दर तीन महिन्यांनी कापले जाणार. सगळ्यांच्या देखत. आणि इस्त्री वर्षातून एकदाच."

दादांनी थोडा विचार केला. "फोटो मानेच्या जवळून घेऊ. लांबी दिसणार नाही." सौदा झाला. तिने पाठ वळवली आणि दिव्यांसमोर उभी राहिली.

पोर तिच्याशी नीट बोलेना. "तुलाच राहायचंय बाटलीवर," एकदा ती फणकारली. "माझे केस तुझ्यापेक्षा छान आहेत, म्हणून." आईने सीरमचं खरं सांगितलं तर ते शाळेत जाणार, शाळेतून दुकानात, दुकानातून दादांपर्यंत.

तीन महिने झाले तशी ती मुलीलाही घेऊन पार्लरमध्ये गेली. पोर तोंड फुगवून खुर्चीत बसली. पार्लरवालीने टोकं चाचपली. "अजून छान आहेत गं. एक बोट पुरे."

"आपलं सीरम लावलं तर नाही का चालणार?" पोरीने आरशातून आईला विचारलं.

पार्लरवाली कात्री हातात धरून थांबली. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने मान वळवली. तिच्या पिशवीतून त्याच बाटलीचं सोनेरी झाकण डोकावत होतं.

"कापा म्हणावं त्यांना," आई म्हणाली, आणि आपली वेणी सोडून पुढच्या खुर्चीत जाऊन बसली.