शंभर टक्के बायबॅक

ग्राहकांसाठी परीक्षणं छापणाऱ्या त्या वेबसाइटच्या कचेरीत तिला सगळे खवटबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. ऑनलाइन सोनं विकणाऱ्या साइटवरून दागिने मागवायचे, यंत्राखाली धरून शुद्धता तपासायची, मग ते त्यांनाच परत विकून बघायचे, हे तिचं काम.

मखमली डबीतलं चकचकीत प्रमाणपत्र बघून तिला हसू यायचं. ते बहुतेक वेळा खड्याचं असे. सोन्याची शुद्धता दागिन्यावरच्या शिक्क्यात बघायची, हे गिऱ्हाइकाला सांगतो कोण? 'घडणावळ शून्य' म्हणणारे तीच रक्कम घडवताना होणाऱ्या घटीच्या नावाने उकळत. असल्या भामट्यांना तिच्याकडून पाचातला एक गुण मिळाला तरी नशीब.

फक्त एका साइटला तिने पाच दिले होते. परत दिलेल्या अंगठीचे पैसे त्यांनी त्या दिवशीच्या भावाने, कुरकुर न करता खात्यात टाकले होते. ते परीक्षण वाचून तिच्या धाकट्या जावेने तिथूनच खड्यांच्या बांगड्या घेतल्या.

आता जावेला शिवणाचं दुकान टाकायचं होतं, म्हणून तिने बांगड्या परत करायला काढल्या. घेताना खड्यांचं वजनही सोन्याच्या भावाने लावलेलं. देताना ते वजा. वर वितळवण्याची घट. आणि उरलेले पैसे रोख नाहीतच, त्यांच्याच साइटवर दुसरा दागिना घ्या. 'शंभर टक्के बायबॅक'च्या अटींत हे सगळं बारीक अक्षरांत होतं.

खवटबाईंनी तणतणत साइटला फोन लावला. नाव सांगताच पलीकडचा माणूस लोण्यासारखा मऊ झाला. मॅडम, आधी सांगायचं ना, तुमची ऑर्डर आली की आम्ही ती बाजूलाच काढतो. घरच्या माणसांना पूर्ण रक्कम देऊ, रोख.

म्हणजे अंगठीचे पैसे कसे मिळाले होते, ते तिला तेव्हा कळलं. दुनियेला अक्कल शिकवणारी ती, स्वतःच्या नावाने ऑर्डर देत बसली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तरी जावेचं दुकान डोळ्यांपुढे होतं, म्हणून तिने जावेला सगळं सांगितलं आणि पैसे घे म्हणाली.

जावेने बांगड्या पुसून डबीत ठेवल्या.

"घेतले असते हो, वहिनी. पण तुमचं वाचून घेणाऱ्या सगळ्याच काही तुमच्या जावा नाहीत."

बांगड्या तिने बाजारात मोडल्या. पैसे कमी आले, म्हणून दोनऐवजी एकच शिलाई यंत्र घेतलं.

खवटबाईंनी जुनं परीक्षण खोडून नवं लिहिलं. जावेचा हिशेब मांडला, फोनवरचं बोलणं जसंच्या तसं दिलं, आणि सुरुवातीलाच लिहिलं की पाच गुण देणाऱ्या बाईला साइटने नावावरून ओळखलं, म्हणून ती फसली. वाचून कचेरीतले साहेब कपाळाला हात लावून बसले. यापुढे आपल्या गुणांवर कोण विश्वास ठेवणार, म्हणाले.

"नकोच ठेवू देत," ती म्हणाली. "अटी तरी वाचतील."