पिवळं सोल्युशन आणि फुकटचं तेल

नारायणगावच्या स्टॅण्डबाहेर माझी चप्पल-दुरुस्तीची टपरी आहे, तिथली नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. टपरी मी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. त्यामुळे धंद्यातलं मला कुणी शिकवावं, हे मला खपत नसे. लोक मात्र शिकवायचेच. फुकट असतं ना.

वारूळवाडीचे एक निवृत्त गुरुजी वहाणा घेऊन आले. वरचं कातडं उत्तम, खालचं रबर झिजून पापड झालेलं. म्हणाले, "नवं रबर लाव. पण खिळे नकोत, टाके नकोत. मागच्या वेळी तुझा खिळा माझ्या टाचेत घुसला होता."

"गुरुजी, नुसतं चिकटवून देतो. निघालं तर याच वहाणा डोक्यावर घेऊन स्टॅण्डभर फिरंन."

समोरच्या चहावाल्याने हे ऐकलं. त्याला ऐकायचं नसतं ते कधीच ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू आलं.

गुरुजींनी मजुरीवरून घासाघीस केली. दर कमी करणं माझ्या रक्तात नव्हतं. मी म्हटलं, "दर तोच. वर कातड्याला एरंडेल फुकट." गिऱ्हाईक याच्यावर खूश होतं, हा माझा जुना डाव. लगेच जुनं रबर काढलं, वहाणांना वरून-खालून तेल चोळलं, कातडं लोण्यासारखं मऊ केलं, आणि सायकलच्या ट्यूबला लावायचं सोल्युशन घेऊन रबर डकवलं. ते स्वस्तात मिळालं होतं.

चार दिवसांत गुरुजी परत. एका हातात वहाण, दुसऱ्या हातात तिचा तळ.

मी तडक जुन्नरला, ज्याच्याकडून सोल्युशन घेतलं त्या दुकानदाराकडे. चारचौघांत त्याला झाडला. तो शांतपणे म्हणाला, "राव, ते पंक्चरचं हाय. रबराला रबर धरतं. कातड्याला रबर लावायचं तर हे पिवळं घ्या."

"मग तवा का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी फक्त भाव इचारला."

पिवळ्याचा डबा घेतला. त्याचाही भाव पाडला, सवय. मग दोन्ही बाजू कानशीने खरवडल्या, दोन्हींना पिवळं लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दिलं आणि दाबून हातोडीने ठोकलं. चूक झाली म्हणून गुरुजींना पुन्हा फुकट तेल, तेही डकवण्याआधी. माणसानं मन मोठं ठेवावं.

आठवड्याने गुरुजी पुन्हा आले. यावेळी सुटलेला तळ नुसता पुढे धरला. बोलला चहावाला.

"भाऊ, मिरवणूक कधी काढायची? ताशा मी सांगतो."

डोकं असं तापलं की त्याच वहाणा घेऊन मी पुन्हा जुन्नरला गेलो आणि डबा दुकानदाराच्या गल्ल्यावर आपटला. "भेसळीचा माल इकतोस व्हय?"

त्याने डब्याकडे पाहिलंही नाही. सुटलेला तळ उचलून उजेडात धरला. पिवळा थर सगळा रबरावर होता, अगदी सलग. कातड्यावर मात्र एक ठिपका नाही. नुसतं चकचकीत. त्याने कातडं नाकाशी नेलं.

"राव, ह्याला तेल कोणी लावलं?"

मी गल्ल्यावरचा डबा उचलून काखेत घेतला.

"पिवळं कातड्यात मुरलं पायजे. आत आधीच एरंडेल मुरलंय, मग ते बिचारं बसंल कुठं?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही हसली. बाकीच्या चपलांना माझे खिळे आणि टाके असायचे, म्हणून इतकी वर्षं माझं तेल झाकलं गेलं होतं. हे मला तिथंच कळलं, पण बोललो नाही. त्याला तेवढं सुख कशाला द्या?

परत आल्यावर पहिल्यांदा मी घाई केली नाही. कातड्याची खालची बाजू कोरडे तंतू दिसेपर्यंत तासली. पेट्रोलच्या फडक्याने पुसत राहिलो, दर वेळी फडकं बदललं. चौथं फडकं तेलाने पिवळसर झालं नाही तेव्हा थांबलो. कातड्याला पिवळ्याचा पहिला हात मुरायला दिला. तो वाळल्यावर दुसरा, रबरालाही एक. वाळल्यावर मधून कडेकडे ठोकत गेलो. गुरुजी समोर बसून पाहत होते. चहावाला चहा उतू जाईपर्यंत पाहत होता.

मिरवणूक निघाली नाही. चहावाला अजून नाराज आहे.

दुकानदाराने मात्र ही गोष्ट जुन्नरपासून डिंगोरे गावापर्यंत पोचवली, आणि स्वतःच्या पिवळ्याची जाहिरात करून घेतली. माझ्या तेलाच्या जिवावर. याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पिवळं आजही त्याच्याकडूनच घेतो, पण भाव पाडल्याशिवाय नाही.

पुढे कित्येक वर्षांनी गुरुजी आले. त्याच वहाणा, तोच तळ, जागचा हललेला नाही. फक्त एका वहाणेचा अंगठा तुटला होता. मी दर सांगितला. ते घासाघीस करतील म्हणून वाट पाहत राहिलो.

"दे," गुरुजी म्हणाले. "सांगशील ते देतो. फक्त तेल लावू नकोस."