होल्डवरची आठ मिनिटं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. नागोठण्याजवळच्या एका कंपनीत माझी सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली. ट्रक आला की चलन बघायचं, माल मोजायचा, आणि ड्रायव्हर फारच गोड बोलला तर पुन्हा मोजायचा. निवृत्त होऊन पेणला घरी बसलो तरी खोड गेली नाही. भाजीवालीचा काटा मी अजून वाकून बघतो. बायको म्हणते, "तुमाला देव जरी भेटला ना, तरी आधी आधार कार्ड मागाल." मोबाईलवर आलेली लिंक तर मी आयुष्यात उघडली नाही. आली की पुसली.

मुलगी बंगळुरूला असते. नातवाच्या बारशाला मी, बायको आणि आई विमानाने जाणार होतो. तिकिटं काढली भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी. रोह्याला स्टेशनच्या वाटेवर त्यांचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, फॉर्म भरणं, आणि एका मोठ्या एजन्सीच्या खात्यावरून रेल्वेची, विमानाची तिकिटं. आमच्याकडून तिकिटापलीकडे एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. आता सांगायला हरकत नाही, मला त्याचाही संशय यायचा.

निघायच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला, "अरे, विमान रद्द झालंय कंपनीकडून. तुझा नंबर दिलाय तिकिटावर, तुला पण मेसेज आला असंल." मी म्हटलं, बघतो. बघितलं काहीच नाही. आम्ही बसने गेलो, आई दोन दिवस पाय चोळत बसली, पण बारसं झालं.

मग पैशांची वाट बघणं सुरू झालं. विमान कंपनीने रद्द केलं तर सगळे पैसे परत मिळतात, एवढं मला पेपर वाचून ठाऊक होतं. महिना झाला. भाऊजींना विचारलं की एकच उत्तर, "अजून आलं नाय रे. मी पण मागं लागलोय." दर वेळी तेच शब्द, तोच सूर. माझ्या डोक्यातला काटा हलला तो हललाच.

शेवटी मी स्वतः विमान कंपनीला फोन लावला. रेकॉर्डिंग चालू केलं, फोन स्पीकरवर ठेवला. एक मुलगी हिंदीत बोलत होती. तिने पीएनआर विचारला, नाव विचारलं आणि होल्डवर टाकलं. बराच वेळ सनई-गिटार असलं काहीतरी वाजत राहिलं. ती परत आली आणि म्हणाली, तिकीट एजंटमार्फत काढलंय, त्यामुळे रिफंड एजन्सीच्या खात्यात जातो, प्रवाशाच्या नाही. झालं! मला हवं होतं ते मिळालं. पुढे ती खूप काही बोलली, मी रागारागात "हां जी, हां जी" करत राहिलो.

संध्याकाळी हे मी आईला सांगितलं. सांगायला नको होतं. आई म्हणाली, "गौरीला तुझी ताई माहेरी येईल, तेव्हा तिच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू मी?" दुसऱ्या दिवशी ताईचा फोन वाजला तेव्हा आईने तो उचललाच नाही. ताईचं माहेर बंद व्हायची वेळ माझ्यामुळे आली होती, पण तेव्हा मला वाटत होतं की भाऊजींमुळे.

मग ताईने मला फोन केला. "तू कंपनीला फोन केलास ना? हे एजन्सीकडं तक्रार टाकतायत. तिथं सगळं लेखी लागतंय. कोण काय बोललं, नंबर, तारखा, नीट लिहून पाठव."

मी मनात म्हटलं, पाठवतो ना. असं लिहितो की पळायला जागा उरणार नाही.

दुपारी कानात वायर घालून बसलो. जुन्या रजिस्टरसारखे रकाने आखले: मिनिट, कोण बोललं, काय बोललं, कधीपर्यंत. होल्डचा भाग न ऐकताच पुढे सरकवला आणि लिहिलं, "११ ते १९ मिनिटे: होल्ड, संगीत." मग रिफंड एजन्सीच्या खात्यात. इथे मी खाली जाड रेघ मारली. पण रकाना रिकामा राहिला की मला चैन पडत नाही. "कधी जमा झाला?" यापुढे तारीख हवी होती. म्हणून पुढचं ऐकलं. मागे घेऊन पुन्हा ऐकलं.

ती मुलगी सांगत होती की विमान रद्द झालं त्याच दिवशी तुमच्या मोबाईलवर लिंक पाठवली होती. दुसरं विमान हवं की पैसे परत, एवढं निवडायचं होतं. नंतर दोनदा आठवण पाठवली. उत्तर आलं नाही, म्हणून रिफंड सुरूच झालेला नाही. आज तुमच्या सांगण्यावरून मी रिफंड नोंदवते आहे. पूर्ण रक्कम, कापाकाप नाही. विनंती क्रमांक लिहून घ्या. आजपासून कामकाजाच्या सात दिवसांत एजन्सीच्या खात्यात, तिथून तुमचा एजंट तुम्हाला देईल. तिने क्रमांक दोनदा सांगितला होता आणि मी एकदाही लिहून घेतला नव्हता.

भाऊजींकडे काहीच आलं नव्हतं. येणार कुठून, लिंका मीच पुसल्या होत्या. लाज वाटली. तरी कागदावर मी लिहिलं, "प्रवाशाकडून पर्याय कळवला गेला नव्हता." प्रवासी म्हणजे कोण, हे लिहिलं नाही. पीएनआर, विनंती क्रमांक, अटी, कबूल केलेली तारीख, सगळं स्वच्छ अक्षरात उतरवलं. चलनाला जोडपत्र हवंच, या सवयीने कागदाच्या फोटोसोबत अख्खं रेकॉर्डिंगही पाठवून दिलं.

दोन दिवसांनी माफी मागायला एसटीने रोह्याला गेलो. धाटावच्या कारखान्यांची पहिली शिफ्ट सुटली होती, दुकानात झेरॉक्सला गर्दी होती. भाऊजींनी ती संपवली, मला स्टूल दिलं, चहा सांगितला. मी लिंकचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "होतं रे असं. मी पण उघडत नाय कधी कधी."

मग त्यांनी माझ्या कागदाची छापील प्रत पुढे ठेवली. "सगळं बरोबर हाय. मी रेकॉर्डिंगशी ताडून बघितलं. एक ओळ तेवढी राहिली होती."

होल्डच्या रकान्यात, माझ्या "संगीत" या शब्दाच्या पुढे, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "१४व्या मिनिटाला, प्रवासी: भाऊजींनी पैसे कधीच खिशात घातलेत. पत्नी: आवो, फोन चालू हाय. उत्तर: गाणं वाजतंय, ऐकतंय कोण?"

ती ओळ मी दोनदा वाचली.

"ताईनं ऐकलं?" मी कसंबसं विचारलं.

"नाय. तिला गौरीला यायचं हाय तुमच्याकडं." त्यांनी चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "एजन्सीला पाठवलेल्या कागदात ती ओळ नाय. ही तुझी प्रत."

घरी येऊन आईला खरं काय ते सांगून टाकलं. गौरीला ताई आली. आईशी पोटभर बोलली. भाऊजीही जेवायला आले, दोनदा आमटी मागून घेतली.

पैसे कबूल केलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी आले. एजन्सीच्या खात्यात जमा झाले आणि पाच मिनिटांत भाऊजींनी माझ्याकडे वळते केले. सोबत दोन फोटो होते: एजन्सीच्या खात्यात रक्कम कधी आली त्याचा, आणि मला कधी पाठवली त्याचा. दोन्हींत वेळेखाली लाल रेघ. इतक्या वर्षांत त्यांनी आमची कितीतरी तिकिटं काढली असतील, पण मला पुरावा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाठवला. तेव्हापासून न चुकता पाठवतात.